उर्दूविषयी विचारलंय, उत्तर मराठीत हवंय

एखाद्या विनंतीत दोन भाषांची नावं आली की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. 'उर्दूतल्या या शब्दाचा अर्थ मराठीत सांगा' हे वाक्य तसं साधं आहे. यात उर्दू हा विषय आहे आणि मराठी ही उत्तराची भाषा आहे. तरीही उत्तर कित्येकदा उर्दूत येतं, नाहीतर हिंदीत येतं. कधी उर्दू शब्दच देवनागरी अक्षरांत लिहून परत मिळतात आणि 'हे घ्या मराठी' असं सांगितलं जातं.

आपल्याकडे असं होण्याचं एक खास कारण आहे. विचारणाऱ्याचं नाव मुस्लिम असेल तर ऐकणारा उत्तराची भाषा मनातल्या मनात आधीच ठरवून टाकतो. त्याला वाटतं, या माणसाला उर्दूच सोयीची पडणार. प्रश्न मराठीत लिहिलेला असतो, त्यात 'मराठीत सांगा' असं स्पष्ट म्हटलेलं असतं, तरी नाव आणि 'उर्दू' हा शब्द यांची बेरीज होऊन उत्तर उर्दूकडे वळतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. बऱ्याचदा तो आपुलकीनंच तसं करतो. पण मराठी शाळेत शिकलेल्या, उर्दू लिपी न वाचता येणाऱ्या मुलीच्या हाती त्या आपुलकीतून काहीच लागत नाही.

महाराष्ट्रात अशा मुली-मुलगे भरपूर आहेत. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात कित्येक मुस्लिम घरांत मराठी किंवा तिची स्थानिक बोली बोलली जाते. मराठवाड्यात, सोलापूरकडे घरात दक्खनी आणि शाळेत मराठी असते. घरातले जुने कागद मात्र उर्दूत असतात. निकाहनामा, आजोबांनी करून ठेवलेली वाटणीची चिठ्ठी, वक्फचा एखादा कागद. मुलांना कागदातली भाषा समजून घ्यायची आहे, पण ती समजून घ्यायला त्यांना मराठी हवी आहे. त्यांची विनंती दोन भाषांची असणारच, त्याला इलाज नाही.

शाळेला हा फरक चांगला माहीत आहे. शाळेत 'विषय' वेगळा आणि 'माध्यम' वेगळं. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी हा विषय असतो. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी हा विषय असतो. इंग्रजीचा तास आहे म्हणून भूगोलाचा पेपर इंग्रजीत लिहा, असं कोणी सांगत नाही. पण शाळेबाहेर पडलं की हे दोन शब्द आपण विसरतो आणि 'उर्दू' एवढं ऐकलं की विषय आणि माध्यम दोन्ही उर्दूच समजतो.

थोडा दोष आपल्या वाक्यांचाही आहे. मराठीतला '-त' हा प्रत्यय दोन्ही कामं करतो. 'मराठीत "ने" कसा वापरतात?' असं कोणी विचारलं तर याचे दोन अर्थ निघतात. मराठी भाषेत 'ने' कसा येतो, हा एक. आणि उर्दूतल्या 'ने'विषयी विचारतोय, समजावून मराठीत सांगा, हा दुसरा. विचारणारा बोलता बोलता दुसरा अर्थ मनात धरतो आणि ऐकणारा पहिला.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण इथे विषयाची भाषा चुकली तर उत्तर पार उलटं होतं. उर्दूत 'ने' एकाच कामाला लागतो. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की कर्त्याला 'ने' जोडतात. 'मैंने रोटी खाई', 'सलीम ने रोटी खाई'. 'लाना', 'भूलना' अशी काही क्रियापदं त्याला अपवाद आहेत. मराठीत तोच 'ने' सलीमला लागतो, 'सलीमने भाकरी खाल्ली', पण 'मी' आणि 'तू' यांना लागत नाही. आपण 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो. शिवाय मराठीचा 'ने' हत्यारालाही लागतो, 'सुरीने कापलं'. उर्दूत तिथे 'छुरी से' येतं. आणखी एक जागा आहे. 'सलीमने यावं' या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे, भूतकाळही नाही, तरी मराठीत 'ने' आहे. उर्दूत इथे 'ने' बसणार नाही, 'सलीम को आना चाहिए' असं म्हणावं लागेल.

आता उर्दू माध्यमातला मुलगा मराठीच्या पेपरासाठी विचारतो आहे, असं धरा. त्याला मराठीचा 'ने' हवा आहे आणि समजावून उर्दूत हवं आहे. त्याला उर्दूच्या 'ने'चा नियम सांगितला तर तो पेपरात 'मीने भाकरी खाल्ली' लिहून येईल. उलट मराठी माध्यमातली मुलगी उर्दू शिकते आहे. तिला मराठीचा नियम सांगितला तर ती 'मैं रोटी खाई' म्हणेल. घरात दक्खनी असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण दक्खनीत 'मैं रोटी खाया' असंच बोलतात, तिथे हा 'ने' येतच नाही. दोन्ही मुलांना मिळालेली माहिती आपापल्या जागी खरी होती. ती फक्त दुसऱ्याच भाषेविषयीची होती.

मग विचारायचं कसं? मराठीत त्याची सोय आहे, फक्त ती वापरायला हवी. विषयाच्या भाषेला '-तला', '-चा' किंवा '-विषयी' लावावं आणि उत्तराच्या भाषेला '-त' किंवा '-तून'. 'उर्दूतला "ने" कधी लागतो ते मराठीत समजावून सांगा.' 'मराठीतला "ने" कधी लागतो ते उर्दूतून समजावून सांगा.' या वाक्यांचे दोन अर्थ निघत नाहीत.

मात्र '-तून' जपून वापरावा. शिकवणं, सांगणं, समजावणं या क्रियापदांसोबत 'उर्दूतून' म्हणजे उर्दू या माध्यमातून, म्हणजे ती उत्तराची भाषा. पण 'भाषांतर' हा शब्द आला की तोच 'उर्दूतून' मूळ कागदाची भाषा दाखवतो. 'उर्दूतून शिकवा' आणि 'उर्दूतून भाषांतर करा' या दोन वाक्यांत उर्दूची जागा नेमकी उलटी आहे. म्हणून भाषांतर मागताना दोन्ही टोकं सांगावीत. 'उर्दूतून मराठीत.' एकच टोक सांगून थांबू नये.

नुसती दोन नावं शेजारी ठेवली तर काय समजायचं, याचा संकेत शब्दकोशवाल्यांनी पूर्वीच ठरवलेला आहे. मोल्सवर्थचा १८३१ सालचा कोश मराठी-इंग्रजी आहे. त्यात मराठी शब्द शोधायचा आणि अर्थ इंग्रजीत वाचायचा. कँडीचा १८४७ सालचा कोश इंग्रजी-मराठी आहे, त्यात उलटं. श्रीपाद जोशी यांचं नाव असलेला उर्दू-मराठी शब्दकोश आहे, त्यात शब्द उर्दू आणि अर्थ मराठी. म्हणजे आधी येतो तो विषय, नंतर येतं ते उत्तर. पण हा संकेत कोशांपुरताच चालतो. 'मराठी-उर्दू शिकवणी' अशी पाटी वाचून मराठीतून उर्दू शिकवतात, की उर्दूतून मराठी, की दोन्ही भाषा शिकवतात, हे आत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

उर्दू आणि मराठी या जोडीत आणखी एक अडचण आहे. फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि त्यांतल्या काहींचे अर्थ पार वेगळे झाले आहेत. 'तालीम' म्हणजे उर्दूत शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, नाहीतर नाटकाचा सराव. 'हरकत' म्हणजे उर्दूत हालचाल, कृती. मराठीत आक्षेप. आपण सहज 'हरकत नाही' म्हणतो, उर्दूत त्या जागी 'हर्ज नहीं' म्हणावं लागतं. 'तकरार' उर्दूत भांडण, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणं.

विनंतीच्या दृष्टीनं सगळ्यात फसवा शब्द 'खुलासा'. मराठीत खुलासा मागितला तर स्पष्टीकरण हवं असतं, म्हणजे मजकूर आहे त्यापेक्षा वाढवून, उलगडून सांगायचा. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मजकूर कमी करून सांगायचा. मराठी बोलणाऱ्या माणसानं उर्दू जाणणाऱ्याला 'या कागदाचा खुलासा लिहून द्या' म्हटलं तर त्याच्या हाती चार ओळी पडतील. त्याला वाटेल, यानं टाळाटाळ केली. लिहून देणाऱ्याला वाटेल, मागितलं तेच दिलं. म्हणून दोन्ही भाषांत चालणारा शब्द विनंतीत आला की तो कोणत्या भाषेच्या अर्थानं आला आहे हे सांगावं, किंवा तो टाळून साधं बोलावं. 'प्रत्येक ओळीचा अर्थ लिहा' किंवा 'थोडक्यात सार लिहा'.

आतापर्यंतची उदाहरणं गोंधळाची होती, मोठ्या नुकसानीची नव्हती. आता निकाहनाम्याचं एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. इथे मात्र भाषेचा घोळ थेट पैशावर आणि हक्कावर येतो.

समजा, एका बाईचा निकाहनामा उर्दूत आहे आणि तिला उर्दू वाचता येत नाही. तिला मेहरविषयीची ओळ समजून घ्यायची आहे. ओळ अशी आहे. 'मेहर मुबलिग ग्यारह हजार रुपये सिक्का राइजुल वक्त, निस्फ मुअज्जल, निस्फ मुवज्जल.' अशी वाक्यरचना निकाहनाम्यांत नेहमी भेटते. 'मुबलिग' रकमेच्या आधी लिहितात. 'सिक्का राइजुल वक्त' म्हणजे त्या वेळी चालू असलेलं चलन. 'निस्फ' म्हणजे निम्मं.

सगळा घोळ शेवटच्या दोन शब्दांत आहे. अरबीत हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. एकात 'ऐन' हे अक्षर आहे. त्याचं मूळ घाईशी जोडलेलं आहे, उर्दूतला 'उजलत' हा शब्द त्याच कुळातला. त्याचा अर्थ लगेच द्यायचा मेहर, बायकोनं मागितला की द्यावा लागणारा. दुसऱ्यात 'वाव' अक्षरावर 'हमजा' ही खूण आहे. त्याचं मूळ मुदतीशी जोडलेलं आहे. त्याचा अर्थ पुढे ढकललेला मेहर. तो ठरलेल्या मुदतीला द्यायचा, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तलाक किंवा मृत्यू यांमुळे विवाह संपल्यावर. म्हणजे या दोन शब्दांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

आणि आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार जवळजवळ एकच होतो. ऐन आणि हमजा यांचे अरबी उच्चार वेगळे आहेत, पण आपल्याकडे दोन्हींचा 'अ' होतो. मी वर एक शब्द 'मुअज्जल' आणि दुसरा 'मुवज्जल' असा लिहिला तो फरक दिसावा म्हणून. पुष्कळ लोक दोन्ही 'मुअज्जल' असेच लिहितात, आणि ते उच्चाराला धरूनच असतं.

आता या बाईनं विनंती केली, 'हे मराठीत लिहून द्या.' तिला तीन प्रकारची उत्तरं मिळू शकतात.

पहिलं उत्तर नुसत्या लिपीचं. लिहिणारा तीच ओळ देवनागरीत उतरवून देतो. 'निस्फ मुअज्जल, निस्फ मुअज्जल.' लिपी मराठीची झाली, भाषा उर्दूच राहिली. वर उर्दू लिपीत डोळ्यांना दिसत असलेला फरकही आता गेला. मूळ कागदात जेवढी माहिती होती तेवढीही या प्रतीत उरली नाही. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्यानं चुकून एकच शब्द दोनदा लिहिला.

दुसरं उत्तर भाषांतराचं, पण विषय पुसून टाकणारं. लिहिणारा 'अकरा हजार रुपये हुंडा, निम्मा आधी, निम्मा नंतर' असं लिहितो. वाचायला सोपं वाटतं, पण 'मेहर' या शब्दाला मराठी शब्द द्यायच्या नादात त्यानं अर्थच उलटा केला. मराठीत हुंडा म्हणजे मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना दिलेला पैसा, आणि तो घेणं गुन्हा आहे. मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायचा असतो आणि तो तिचा हक्क असतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर न दिलेला मेहर त्याच्या मालमत्तेवरचं कर्ज धरला जातो, वारसांत वाटणी होण्याआधी तो फेडायचा असतो. 'हुंडा' शब्दानं यातलं सगळं गेलं. शिवाय 'आधी' आणि 'नंतर' म्हणजे कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे कळत नाही ते वेगळंच.

तिसरं उत्तर तिला हवं होतं ते. 'मेहर एकूण ११,००० रुपये. त्यापैकी निम्मा, म्हणजे ५,५०० रुपये, बायकोनं मागितल्याबरोबर द्यायचा आहे (मूळ शब्द मुअज्जल, ऐन अक्षराचा). उरलेला निम्मा, ५,५०० रुपये, पुढे ढकललेला आहे (मूळ शब्द मुवज्जल, वाव-हमजाचा). त्याला मुदत लिहिलेली नाही, म्हणून तो तलाक किंवा मृत्यूनंतर देय होतो.' या उत्तराची भाषा सबंध मराठी आहे. तरी 'मेहर', 'मुअज्जल' आणि 'मुवज्जल' हे शब्द जागेवर ठेवले आहेत, कारण समजून घ्यायचं होतं ते त्यांच्याविषयीच. कोणता शब्द कोणत्या अक्षराचा आहे हे लिहिल्यामुळे उद्या दुसरा जाणकार मूळ कागदाशी ताडून पाहू शकतो.

उर्दू न येणाऱ्यालाही इथे थोडी पडताळणी करता येते. उर्दू लिपीत 'वाव' हे अक्षर पुढच्या अक्षराला जोडलं जात नाही. त्यामुळे पुढे ढकललेल्या मेहरचा शब्द मधे तुटलेला दिसतो, आधी 'मीम' आणि 'वाव', मग थोडी फट, मग 'जीम' आणि 'लाम'. ऐन मात्र दोन्ही बाजूंना जोडलं जातं, म्हणून लगेच द्यायच्या मेहरचा शब्द एकसंध दिसतो, मीमच्या पुढे ऐनची एक छोटी गाठ आणि तिथून ओळ पुढे चालू. ओळीतले दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले की हा फरक कळतो. घाईतलं हस्ताक्षर असेल, हमजा लिहायचा राहिला असेल किंवा छापील नमुन्यात दोन्ही शब्द छापून एकावर काट मारायची ठेवली असेल तर मात्र जाणकारालाच दाखवावं. छापील नमुन्यात काट मारायची राहिली तर मेहर कोणत्या प्रकारचा ठरला होता हाच पुढे वादाचा विषय होतो.

पहिली दोन उत्तरं देणारे अडाणी असतात असं मुळीच नाही. त्यांना उर्दू चांगली येत असते, मराठीही येत असते. विनंतीत 'मराठीत' एवढंच होतं, म्हणून पहिल्यानं लिपी मराठी केली आणि दुसऱ्यानं शक्य तेवढे सगळे शब्द मराठी केले. विषयाच्या भाषेतलं काय ठेवायचं आणि उत्तराच्या भाषेत काय न्यायचं, हे दोघांना कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून अशा कागदाची विनंती करताना मी चार गोष्टी वेगळ्या लिहाव्यात असं म्हणेन. कागद कोणत्या भाषेतला आहे. उत्तर कोणत्या भाषेत हवं आहे. उत्तर कोणत्या लिपीत हवं आहे. आणि मूळ भाषेतले कोणते शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ शेजारी द्यायचा आहे. नमुना म्हणून अशी विनंती लिहिता येईल.

'सोबतचा निकाहनामा उर्दूत आहे. मला उर्दू वाचता येत नाही. मेहरविषयीच्या ओळीचा अर्थ मला मराठी भाषेत, देवनागरी लिपीत लिहून हवा आहे. मेहरच्या प्रकाराचे मूळ शब्द तसेच ठेवावेत, त्यांचं मूळ अक्षर सांगावं आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत द्यावा. जे अक्षर नीट वाचता येत नसेल तिथे तसं लिहावं.'

'मला उर्दू वाचता येत नाही' हे वाक्य त्यात हवंच. ते लिहायला काही जणांना संकोच वाटतो. मुस्लिम असून उर्दू येत नाही हे कबूल करणं म्हणजे कमीपणा, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. मला यात कमीपणा दिसत नाही. केरळातला मुसलमान मल्याळम बोलतो, बंगालमधला बांगला बोलतो, त्यांना कोणी याबद्दल विचारत नाही. आपण मराठी बोलतो. आणि त्या एका वाक्यानं ऐकणाऱ्याच्या मनातला अंदाज जागच्या जागी दुरुस्त होतो. ते नसेल तर 'मराठीत' या शब्दाकडे तो शिष्टाचार म्हणून पाहतो आणि मनात म्हणतो, यांना उर्दू कळतच असेल.

उत्तर देणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विनंतीत भाषेचं नाव आलं म्हणून लगेच त्या भाषेत उत्तर देऊ नका. ते नाव विषय म्हणून आलं आहे की माध्यम म्हणून, हे आधी पाहा. उत्तराची भाषा सांगितलेली नसेल तर प्रश्न ज्या भाषेत लिहिला आहे तीच उत्तराची भाषा धरा. माणसानं मराठीत लिहिलं याचा अर्थ त्याला मराठी येते, एवढं नक्की. त्याला उर्दू येते की नाही हे त्याच्या नावावरून कळत नाही. हा नियम उलट्या बाजूनंही लागू आहे. उर्दूत लिहिणाऱ्यानं मराठीतल्या सातबारा उताऱ्याविषयी विचारलं तर त्याला उर्दूत समजावा, पण 'गट नंबर', 'भोगवटादार', 'इतर हक्क' हे शब्द तसेच ठेवा, कारण तलाठ्यासमोर त्याला तेच शब्द कागदावर ओळखायचे आहेत.

दुसरी गोष्ट अशी की वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर कामाला लागण्याआधी एक प्रश्न विचारा. 'उर्दूतला "ने" की मराठीतला?' 'सार हवं की ओळीओळीचा अर्थ?' 'अक्षरं बदलून हवीत की भाषा?' यातला शेवटचा प्रश्न तर मराठी आणि उर्दू या जोडीत प्रत्येक वेळी विचारावा असा आहे. देवनागरीत लिहिलेली उर्दू पाहून 'ही मराठी झाली' असं वाटणं सोपं आहे, आणि ज्या बाईचे साडेपाच हजार रुपये त्या एका शब्दावर ठरणार आहेत तिला त्या देवनागरीतून काहीच कळत नाही.